रेझ्युमेमधली ‘४० टक्के वाढ’ मुलाखतीत टिकेल का? प्रोजेक्ट लिहायचा कसा, ते एका बटणाच्या गोष्टीतून

लिंक्डइन उघडलं की असं एखादं वाक्य हमखास दिसतं, “नवीन डॅशबोर्ड तयार करून विक्री ३० टक्क्यांनी वाढवली.”

वाचायला भारी वाटतं. पण मुलाखत घेणारा माणूस या वाक्यावर बोट ठेवून साधे प्रश्न विचारतो. कशाच्या ३० टक्के? किती दिवसांत? डॅशबोर्ड तर फक्त आकडे दाखवतो, मग विक्री नेमकी कशामुळे वाढली? आणि तो नसता तर ती वाढलीच नसती, हे कशावरून? इथे बऱ्याच जणांची गाडी अडते. काम खरंच केलेलं असतं, पण कागदावर लिहिलेला आकडा त्यांना सांभाळता येत नाही.

डेटा ॲनालिस्ट किंवा प्रॉडक्ट मॅनेजरच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो. प्रोजेक्ट लिहिताना अडचण काय होती, तुम्ही काय केलं आणि त्यातून काय निघालं, हे तीन भागांत सांगा. सल्ला बरोबर आहे. पण घोळ होतो तो तिसऱ्या भागात. मोजलेला आकडा आणि अंदाजाने काढलेला आकडा एकाच वाक्यात मिसळला जातो आणि मग दोन्हींवरचा विश्वास जातो.

हे नीट समजायला अमेरिकेतली एक खरी गोष्ट उपयोगी पडते. त्यात अडचण, कृती आणि निकाल हे तिन्ही आहेत आणि निकालातली कच्ची जागाही उघड दिसते.

ओबामांच्या वेबसाइटवरचं बटण

तर झालं असं की, २००७ च्या डिसेंबरमध्ये बराक ओबामा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रचार करत होते. त्यांच्या वेबसाइटवर येणाऱ्या माणसाला सुरुवातीला एक पान दिसायचं. वर ओबामांचा फोटो, खाली ईमेल लिहायची जागा आणि ‘साइन अप’ असं बटण. ज्याने ईमेल दिला त्याला पुढे प्रचाराची पत्रं जायची आणि त्यातूनच देणग्या आणि स्वयंसेवक मिळायचे.

अडचण अशी होती की पानावर येणाऱ्या दर १०० लोकांपैकी जेमतेम ८ जण ईमेल देत होते. नेमका आकडा ८.२६ टक्के.

प्रचारातल्या ॲनालिटिक्सचं काम डॅन सिरोकर पाहत होते. गुगलमधून ते या प्रचारात आले होते. पानावर काय बदलायचं यावर वाद घालण्यापेक्षा त्यांच्या टीमने प्रयोग करायचं ठरवलं. बटणावरच्या मजकुराचे चार पर्याय घेतले. वरच्या जागेसाठी सहा पर्याय घेतले, तीन फोटो आणि तीन व्हिडिओ. चार गुणिले सहा, म्हणजे पानाची २४ रूपं झाली. येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्यातलं एक रूप कोणत्याही क्रमाशिवाय दाखवलं गेलं. प्रयोगात एकूण ३,१०,३८२ लोक आले, म्हणजे प्रत्येक रूपाच्या वाट्याला साधारण १३ हजार.

प्रचारातल्या लोकांना एक व्हिडिओ फार आवडला होता. तोच जिंकणार असं त्यांना वाटत होतं. निकाल उलटा लागला. तिन्ही व्हिडिओ तिन्ही फोटोंच्या मागे पडले. जिंकलं ते रूप ज्यात ओबामांचा कुटुंबासोबतचा फोटो होता आणि बटणावर ‘साइन अप’ऐवजी ‘लर्न मोअर’ लिहिलं होतं. त्या पानावर ११.६ टक्के लोकांनी ईमेल दिला.

पुढे २०१० मध्ये सिरोकर यांनी हा प्रयोग लिहून काढला. त्याच्या शीर्षकातच दावा होता की एका साध्या प्रयोगामुळे ओबामांना ६ कोटी डॉलर मिळाले.

६ कोटी डॉलर आले कुठून?

या दाव्यातले आकडे एकावर एक रचलेले आहेत. ते एकेक करून उतरवले की कुठला किती भक्कम आहे ते कळतं.

पहिला आकडा, ८.२६ वरून ११.६. हा मोजलेला आहे. दोन्ही पानं एकाच काळात, एकाच प्रकारच्या लोकांना दाखवली गेली. फरक इतकाच की कोणाला कुठलं पान दिसेल ते नशिबावर होतं. १३ हजार लोकांमध्ये ८.२६ टक्के म्हणजे साधारण १,०७० ईमेल आणि ११.६ टक्के म्हणजे साधारण १,५००. इतका मोठा फरक निव्वळ योगायोगाने पडत नाही. इथपर्यंत पाय जमिनीवर आहेत.

दुसरा आकडा, २८ लाख ८० हजार जास्तीचे ईमेल. संपूर्ण प्रचारात या पानावरून सुमारे एक कोटी लोकांनी नाव नोंदवलं. जुनंच पान राहिलं असतं तर हा आकडा सुमारे ७१ लाख २० हजार असता, असा हिशोब केला गेला. म्हणजे डिसेंबरमधल्या प्रयोगात दिसलेला फरक पुढचे कित्येक महिने तसाच टिकला, असं धरलं. कदाचित टिकलाही असेल. पण प्रचाराच्या शेवटच्या महिन्यांत येणारे लोक आणि डिसेंबरमध्ये येणारे लोक सारखे नसतात. शिवाय २४ पर्यायांतून पहिला आलेला पर्याय निवडला की त्याच्या यशात थोडा नशिबाचाही वाटा असतो, त्यामुळे पुढे तो जरा खाली येण्याची शक्यता असते. म्हणून हा आकडा अंदाज आहे.

तिसरा आकडा, ६ कोटी डॉलर. या पानावरून आलेल्या प्रत्येक ईमेलमागे प्रचाराला सरासरी २१ डॉलर देणगी मिळाली होती. २८ लाख ८० हजार गुणिले २१ केलं की ६ कोटींच्या वर उत्तर येतं. गुणाकार बरोबरच आहे. पण यात धरून चाललंय की जास्तीचे आलेले लोकही बाकीच्यांइतकेच पैसे देतात.

आता विचार करा. ज्याला काहीही करून ओबामांना मदत करायची होती, त्याने बटणावर काहीही लिहिलेलं असतं तरी ईमेल दिला असता. जो फक्त ‘लर्न मोअर’ वाचून आला, तो कुंपणावर बसलेला माणूस. त्याची देणगी सरासरीइतकी असेलच असं नाही. कमी असण्याची शक्यता जास्त. हा आकडा मोजलेला नाही, तो सरासरीवरून ताणलेला आहे.

म्हणजे प्रयोग खोटा होता का? अजिबात नाही. उलट प्रत्येक आकडा कसा आला ते लिहिलेलं आहे, म्हणूनच तो तपासता येतो. पण तुम्ही हा प्रोजेक्ट रेझ्युमेमध्ये “६ कोटी डॉलर मिळवून दिले” असा लिहिला, तर सगळ्यात कच्चा आकडा सगळ्यात पुढे गेला. तोच असा लिहिला तर? “ईमेल देणाऱ्यांचं प्रमाण ८.२६ वरून ११.६ टक्क्यांवर गेलं, २४ रूपांच्या प्रयोगात, ३.१ लाख लोकांवर मोजून. हेच प्रमाण टिकलं असं धरलं तर प्रचारभरात अंदाजे २८ लाख जास्तीचे ईमेल.” याला कोणी धक्का लावू शकत नाही.

इथे आणखी एक बारकावा आहे. ८.२६ वरून ११.६ ही वाढ किती? कोणी म्हणेल सव्वातीन टक्के, कोणी म्हणेल चाळीस टक्के. दोघांचं गणित बरोबर आहे. दोन टक्केवाऱ्यांमधला फरक ३.३४ पर्सेंटेज पॉइंट आहे आणि मूळ आकड्याच्या तुलनेत वाढ सुमारे ४० टक्के आहे. नुसतं “४० टक्के वाढ” लिहिलं की वाचणाऱ्याला मूळ आकडा दिसत नाही. म्हणून ‘इतक्यावरून इतक्यावर’ असं लिहिणं कधीही चांगलं.

हेच आपल्याकडच्या कामात कसं दिसतं?

सगळ्यांनाच राष्ट्राध्यक्षाच्या प्रचाराचं काम मिळत नाही. म्हणून एक नेहमीच्या कामातलं उदाहरण घेऊ. कंपनी आणि आकडे काल्पनिक आहेत, अडचण मात्र भारतातल्या ऑनलाइन विक्रेत्यांना चांगलीच ओळखीची आहे.

समजा, पुण्यातली एक कंपनी ऑनलाइन साड्या विकते. बरेच ग्राहक कॅश ऑन डिलिव्हरी निवडतात. त्यातली दर १०० पैकी २४ पार्सलं ग्राहकापर्यंत न पोचता परत येतात. परत आलेल्या प्रत्येक पार्सलमागे जाण्या-येण्याचे १२० रुपये कंपनीच्या खिशातून जातात.

ॲनालिस्ट आधी परत आलेल्या पार्सलांची कारणं वेगळी काढते. कुरिअरवाल्याने नोंदवलेली कारणं पाहिली तर ‘पत्ता सापडला नाही’ हे सगळ्यात वर आहे. मग ती ते पत्तेच उघडून वाचते. “शाळेजवळ, हडपसर” एवढाच पत्ता. घर नंबर नाही, सोसायटीचं नाव नाही. उपाय असा ठरतो की फॉर्ममध्ये घर नंबर आणि जवळची खूण सक्तीची करायची.

इथे बरेच जण एक चूक करतात. नवा फॉर्म सगळ्यांसाठी सुरू करायचा आणि गेल्या महिन्याशी तुलना करायची. पण नवा फॉर्म नेमका दिवाळीच्या आधी सुरू झाला तर? सणाची खरेदी वेगळी, ग्राहक वेगळे, कदाचित कुरिअर कंपनीनेही त्या महिन्यात जास्तीची माणसं लावलेली. पार्सलं परत येणं कमी झालं तर श्रेय फॉर्मचं की दिवाळीचं, हे कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून एकाच चार आठवड्यांत निम्म्या लोकांना जुना फॉर्म आणि निम्म्यांना नवा दाखवला जातो. दोन्हीकडे ६,५०० लोक येतात.

जुन्या फॉर्मवर ४,००० ऑर्डर आल्या आणि त्यातल्या ९६० परत आल्या. नव्या फॉर्मवर ३,९५० ऑर्डर आल्या आणि ७५० परत आल्या. म्हणजे परत येण्याचं प्रमाण २४ वरून १९ टक्क्यांवर आलं.

पण एक गोष्ट लपवता येत नाही. नव्या फॉर्मवर ऑर्डर ५० ने कमी आहेत. फॉर्म लांबला म्हणून काही जण मध्येच सोडून गेले असतील. इतक्या लोकांमध्ये ५० चा फरक योगायोगानेही पडू शकतो, पण तो सांगायलाच हवा. कारण पत्त्याच्या फॉर्ममध्ये दहा रकाने सक्तीचे केले तर परत येणारी पार्सलं आणखी कमी होतील आणि दुकानही बंद पडेल! म्हणून खरा निकाल हा की ग्राहकाच्या हातात किती पार्सलं पडली. जुन्या फॉर्मवर ३,०४०, नव्यावर ३,२००. म्हणजे ऑर्डर थोड्या कमी येऊनही १६० पार्सलं जास्त पोचली.

आता हे प्रोजेक्ट म्हणून लिहायचं. ॲनालिस्ट असं लिहील:

> अडचण: कॅश ऑन डिलिव्हरीच्या १०० पैकी २४ ऑर्डर परत येत होत्या. प्रत्येकीमागे १२० रुपये खर्च होता.
> काम: परत येण्याची कारणं कुरिअरच्या नोंदींतून वेगळी काढली. अपुरा पत्ता हे मुख्य कारण निघालं. फॉर्ममध्ये घर नंबर आणि खूण सक्तीची करण्याचा प्रस्ताव दिला, चार आठवड्यांचा प्रयोग आखला आणि निकाल तपासला. फॉर्म डिझाइन आणि डेव्हलपमेंट टीमने बनवला.
> निकाल: दोन्ही गटांत ६,५०० लोक. परतीचं प्रमाण २४ वरून १९ टक्क्यांवर. ऑर्डर ४,००० वरून ३,९५० झाल्या, तरी पोचलेल्या ऑर्डर ३,०४० वरून ३,२०० झाल्या.

याच कामात असलेला प्रॉडक्ट मॅनेजर अडचण आणि निकाल हेच लिहील. बदलेल तो मधला भाग:

> काम: तीन पर्याय समोर होते. कॅश ऑन डिलिव्हरी बंद करणं, ऑर्डरनंतर फोन करून खात्री करणं आणि पत्त्याचा फॉर्म बदलणं. पहिल्याने ऑर्डर बुडण्याचा धोका होता, दुसऱ्याला रोज माणसं लागली असती. म्हणून तिसरा आधी तपासायचं ठरवलं. ऑर्डर तीन टक्क्यांपेक्षा जास्त घटल्या तर प्रयोग थांबवायचा, हे सुरुवातीलाच विक्री टीमशी बोलून ठरवलं.

फरक लक्षात आला का? ॲनालिस्टकडून कळायला हवं की प्रश्न कसा फोडला आणि आकडा कसा तपासला. प्रॉडक्ट मॅनेजरकडून कळायला हवं की कुठले पर्याय सोडले, का सोडले आणि चुकलं तर काय करायचं ते आधी ठरवलं होतं का. एकाच प्रोजेक्टवर दोघांनीही तेच वाक्य चिकटवलं तर निदान एकाचं काम त्यात दिसत नाही.

आणि “फॉर्म डिझाइन आणि डेव्हलपमेंट टीमने बनवला” हे वाक्य तुमचं काम कमी करत नाही. उलट बाकीचं तुम्ही केलंय यावर विश्वास बसतो.

प्रयोग करताच आला नाही तर?

बऱ्याच कंपन्यांत दोन गट करून तपासायची सोय नसते. साहेबांनी सांगितलं आणि सोमवारी सगळ्यांसाठी बदल सुरू झाला, असंच होतं. तेव्हा ‘आधी-नंतर’ची तुलनाच हातात असते. ती लिहायला हरकत नाही, फक्त तसं स्पष्ट सांगा. “बदलाआधीच्या आठ आठवड्यांत २४ टक्के, नंतरच्या आठ आठवड्यांत २० टक्के. त्याच काळात प्रीपेड ऑर्डरच्या परतीत फरक पडला नाही.” हे शेवटचं वाक्य कामाचं आहे. बदल फक्त कॅश ऑन डिलिव्हरीच्या फॉर्ममध्ये होता. कुरिअर सुधारल्यामुळे किंवा सणामुळे फरक पडला असता तर तो प्रीपेड ऑर्डरमध्येही दिसायला हवा होता. ही पक्की खात्री नाही, पण ‘आधी-नंतर’पेक्षा एक पायरी वर आहे.

कंपनीचे आकडे बाहेर सांगायची परवानगी नसेल तर? तेव्हा मूळ आकडा १०० धरून लिहिता येतं. “परतीचं प्रमाण १०० धरलं तर प्रयोगानंतर ७९.” प्रमाण कळतं आणि कंपनीचा खरा आकडा कोणाला कळत नाही. अर्थात कंपनीशी झालेल्या करारात इतकंही चालणार नसेल तर तोही सोडून द्यावा आणि फक्त पद्धत सांगावी.

आणि ज्याने अजून नोकरीच केलेली नाही, त्याने काय करायचं? कॉलेजात उघड्या सरकारी डेटावर प्रोजेक्ट केला असेल तर त्यातून कोणाची विक्री वाढलेली नसते. मग ओढूनताणून टक्केवारी बसवू नये. तिथे निकाल म्हणजे काय सापडलं आणि ते कसं पडताळलं. “पावसाच्या नोंदींत १४ महिन्यांचे आकडे गायब होते, ते शून्य धरल्याने सरासरी चुकत होती, ते वेगळे काढल्यावर निष्कर्ष बदलला.” हे उदाहरणही काल्पनिकच, पण असं एक खरं वाक्य हाती असलं तर मुलाखत घेणाऱ्याला कळतं की या पोराने डेटा उघडून बघितलाय.

पाठवण्याआधी एक तपासणी

प्रोजेक्ट लिहून झाला की निकालातल्या प्रत्येक आकड्यासमोर पेन्सिलने एक अक्षर लिहायचं. मोजलेला असेल तर ‘मो’, अंदाज असेल तर ‘अं’. ‘मो’ लिहिलेल्या आकड्यासोबत कशावरून कशावर, किती लोकांमध्ये आणि किती दिवसांत, हे आहे का ते पाहायचं. ‘अं’ लिहिलेल्या आकड्याआधी “असं धरलं तर” हे शब्द आहेत का ते पाहायचं.

ओबामांच्या पानाचा हिशोब असा तपासला तर ८.२६ आणि ११.६ समोर ‘मो’ येतं, २८ लाख आणि ६ कोटींसमोर ‘अं’. साड्यांच्या उदाहरणात सगळ्यांसमोर ‘मो’ येतं, कारण वर्षाला किती लाख वाचतील असा पुढचा गुणाकार त्यात केलेलाच नाही. तो करायचा असेल तर जरूर करावा, पण तो वेगळ्या वाक्यात आणि मोजलेल्या आकड्याच्या नंतर. मुलाखतीत त्या वाक्यावर प्रश्न आला आणि अंदाज थोडा डगमगला, तरी आधीचं वाक्य जागचं हलत नाही.